रिपोर्ट म्हणतो ‘मुंबई, १८ ते २४, रात्री ९’. पण प्रेक्षक असतो किन्हवलीत!

प्रेक्षकांचं वय, ठिकाण आणि ऑनलाइन असण्याची वेळ सांगणारे रिपोर्ट कसे वाचायचे? शहापूर-मुरबाडच्या उदाहरणातून समजून घ्या

भात खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीचा व्हिडिओ रात्री ९ वाजता टाकायचा की दुपारी? प्रश्न किरकोळ वाटतो. पण नोंदणीची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार असेल आणि कागदपत्रं गोळा करायला तालुक्याला जावं लागणार असेल, तर त्या पाच-सहा तासांवर एखाद्या शेतकऱ्याचं भात हमीभावाने जाईल की व्यापाऱ्याकडे, हे ठरू शकतं.

आज गावोगाव यूट्यूब चॅनेल, फेसबुक पेज आणि छोट्या बातम्यांच्या वेबसाइट आहेत. त्या चालवणाऱ्या प्रत्येकाला ‘तुमचा प्रेक्षक कोण, कुठला, कधी ऑनलाइन असतो’ याचे तयार रिपोर्ट फुकट मिळतात. हे रिपोर्ट खोटे नसतात. मात्र ते नेमकं काय मोजतात आणि आपण त्यातून काय समजतो, यात मोठं अंतर असतं. मोठ्या शहरात ते खपून जातं, ग्रामीण तालुक्यात ते महागात पडतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीतून एक तरुण यूट्यूब चॅनेल चालवतो. विषय शहापूर आणि मुरबाडचे: पाण्याचे टँकर, एसटी, लोकल, भाजीचे भाव, सरकारी योजना, शाळा, यात्रा. त्याने मागच्या २८ दिवसांचा रिपोर्ट उघडला. त्यात तीन गोष्टी ठळक दिसल्या. सर्वाधिक प्रेक्षक मुंबईचे, सर्वात मोठा वयोगट १८ ते २४ आणि प्रेक्षक सर्वाधिक असण्याची वेळ रात्री ९. (चॅनेल आणि पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत; रिपोर्टची रचना आणि त्यातल्या खाचाखोचा खऱ्या आहेत.)

सरळ निष्कर्ष असा निघतो की मुंबईतल्या कॉलेजच्या मुलांसाठी धबधबे-किल्ल्यांचे व्हिडिओ करा आणि रात्री ९ च्या आधी टाका. तरुणाने तसं केलं, तर टँकर आणि भात नोंदणीचे व्हिडिओ कमी होत जातील. म्हणून हे तिन्ही आकडे एकेक करून उघडून बघायला हवेत.

रिपोर्ट सापडतो कुठे?

यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅपमध्ये Analytics उघडलं की Audience नावाचा भाग दिसतो. वय, देश आणि `When your viewers are on YouTube` हा वेळेचा तक्ता तिथे असतो. शहरांची यादी मात्र वरवर दिसत नाही. त्यासाठी कॉम्प्युटरवर Advanced mode मध्ये जाऊन `Cities` निवडावं लागतं. इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल अकाउंट असेल तर Insights मध्ये फॉलोअर्सचं वय, शहर आणि `Most active times` मिळतं. वेबसाइट असेल तर गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये शहर आणि तास दोन्ही दिसतात.

चॅनेल फार लहान असेल तर वयाचा तक्ता रिकामाच दिसतो. त्यात बिघाड काही नाही. मोजके लोक असतील तर आकड्यांवरून माणूस ओळखता येऊ नये, म्हणून कंपन्या असा तपशील दाखवत नाहीत.

‘मुंबई’ म्हणजे नेमकं कुठे?

यूट्यूब आणि गूगल अ‍ॅनालिटिक्स प्रेक्षकाचं ठिकाण मुख्यतः आयपी अ‍ॅड्रेसवरून ठरवतात. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे इंटरनेटवर आपल्या जोडणीला मिळालेला क्रमांक. कोणता क्रमांक कोणत्या शहरात वापरला जातो, याच्या मोठ्या याद्या असतात. त्यात बघून शहराचं नाव लावलं जातं.

घोळ मोबाइल डेटामुळे होतो. डोळखांबच्या एखाद्या पाड्यावरचा फोन टॉवरला जोडला जातो. टॉवरकडून तो डेटा मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून एखाद्या मोठ्या केंद्रापर्यंत जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. बाहेरच्या जगाला दिसणारा क्रमांक त्या केंद्राचा असतो, पाड्याचा नव्हे. शिवाय एकच क्रमांक एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटला जातो. त्यामुळे माणूस डोळखांबला बसलेला असतो आणि रिपोर्टमध्ये त्याची नोंद अनेकदा मुंबई किंवा पुण्यात होते. ग्रामीण भागात बहुतेक लोक मोबाइल डेटावरच असल्याने हा परिणाम तिथे जास्त दिसतो.

फेसबुकचा प्रकार थोडा वेगळा आहे. तिथे लोकांनी प्रोफाइलमध्ये स्वतः दिलेली माहितीही धरली जाते. एखाद्याने दहा वर्षांपूर्वी नोकरीला असताना ‘मुंबई’ लिहिलं आणि नंतर तो टोकावड्याला परत आला, तरी प्रोफाइल बदलायचं कुणाच्या लक्षात राहतं?

आता दुसरी शक्यताही आहे. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवरून रोज असंख्य लोक कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात. कसारा ते सीएसएमटी अंतर सुमारे १२० किलोमीटर. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून तिथला माणूस एसटीने किंवा जीपने कल्याणला येऊन लोकल पकडतो. ही मंडळी दिवसा खरोखरच मुंबईत असतात, ऑफिसच्या वायफायवरून व्हिडिओ बघतात. रिपोर्टसाठी तेही मुंबईकर. त्यांना हवी असते गावाची बातमी. आणि तिसरी शक्यता, खरोखर दादर-डोंबिवलीत राहणारा, पावसाळी सहलीची जागा शोधणारा प्रेक्षक.

म्हणजे ‘मुंबई’ या एका ओळीत तीन वेगळी माणसं असू शकतात. ती वेगळी कशी करायची?

वेबसाइट असेल तर सर्वात सोपी चाचणी पाच मिनिटांची आहे. गूगल अ‍ॅनालिटिक्सचा Realtime रिपोर्ट मागच्या ३० मिनिटांत कोणत्या शहरातून किती लोक आले ते दाखवतो. किन्हवली, धसई, खर्डी अशा चार ठिकाणच्या ओळखीच्या लोकांना फोन करून, वायफाय बंद ठेवून, ठरलेल्या वेळी वेबसाइट उघडायला सांगायचं. ही चाचणी पहाटे घ्यावी, कारण तेव्हा दुसरी वर्दळ जवळपास नसते. चौघांची नोंद कोणत्या शहरात पडते ते समोर दिसेल. चारही ‘मुंबई’ आले, तर त्या रिपोर्टमधल्या मुंबईचा अर्थ काय ते कळलं. वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर आणखी चांगलं, कारण प्रत्येक कंपनीचं जाळं वेगळ्या ठिकाणी बाहेर पडतं.

दुसरी चाचणी रविवारची. चार रविवार आणि चार बुधवार घ्यायचे आणि एकूण वाचकांत मुंबईचा वाटा किती ते बघायचं. रविवारी तो ठळक घसरला, तर त्यात नोकरीला जाणारे बरेच आहेत असं मानायला जागा आहे. दोन्ही दिवशी सारखाच राहिला, तर एक तर ती जाळ्याची करामत आहे किंवा ते खरोखर मुंबईत राहणारे आहेत. पहिल्या चाचणीवरून त्यातलं कोणतं ते ठरवता येतं.

तिसरा मार्ग गावानुसार वेगळी लिंक देण्याचा. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच बातमी पाठवताना लिंकच्या शेवटी ग्रुपची खूण जोडायची:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=group&utm_campaign=kinhavali
```

मुरबाडच्या ग्रुपसाठी शेवटचा शब्द `murbad`, खर्डीसाठी `khardi`. मग कोणत्या ग्रुपमधून किती लोक आले, हे आयपी अ‍ॅड्रेसवर विसंबून न राहता कळतं. लिंक पुढे फॉरवर्ड झाली तर तीच खूण सोबत जाते, एवढं ध्यानात ठेवायचं. ही सोय स्वतःच्या वेबसाइटपुरतीच आहे. यूट्यूबच्या लिंकला अशी खूण लावली तरी यूट्यूबच्या रिपोर्टमध्ये ती दिसत नाही. चॅनेलवाल्यांसाठी ‘कोणत्या गावातून बघताय, कमेंटमध्ये लिहा’ हा जुनाच उपाय अजून चालतो. तो अनेकांना बाळबोध वाटतो, पण गावाच्या पातळीवर तो शहरांच्या यादीपेक्षा जास्त सांगून जातो.

१८ ते २४ कुणामुळे?

आता वय. यूट्यूब वय ओळखतो ते लॉग-इन केलेल्या गूगल अकाउंटवरून. ते अकाउंट कुणी, कधी, कोणती जन्मतारीख टाकून उघडलं, यावर सगळं अवलंबून. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मोबाइल दुकानात बसून उघडून घेतलेल्या अकाउंटची जन्मतारीख त्यापेक्षा फार भरवशाची असते असं नाही.

त्याहून मोठा मुद्दा घरात एकच स्मार्टफोन असण्याचा. अकाउंट बारावीतल्या मुलाचं असतं. दुपारी त्यावर आई बचत गटाचा व्हिडिओ बघते, संध्याकाळी वडील भाव बघतात. तिघांची नोंद १८ ते २४ या एकाच गटात, तीही मुलगा म्हणून.

पण किन्हवलीच्या आपल्या चॅनेलमध्ये खरी गडबड वेगळीच निघते. २८ दिवसांत एकूण ४० हजार व्ह्यूज. त्यातले ३० हजार एकाच व्हिडिओचे, माळशेज घाटातल्या धबधब्याच्या. उरलेले १० हजार बारा स्थानिक व्हिडिओंचे मिळून.

समजा, माळशेजच्या व्हिडिओत १८ ते २४ गटाचा वाटा ७० टक्के, म्हणजे २१ हजार व्ह्यूज. स्थानिक व्हिडिओंत हाच गट १५ टक्के, म्हणजे दीड हजार. दोन्ही मिळून साडेबावीस हजार, म्हणजे एकूणाच्या ५६ टक्के. रिपोर्टमध्ये दिसतात ते हेच ५६ टक्के.

आता पस्तिशीच्या पुढचे बघा. माळशेजच्या व्हिडिओत ते ८ टक्के, २,४०० व्ह्यूज. स्थानिक व्हिडिओंत ६० टक्के, ६ हजार व्ह्यूज. एकत्र केल्यावर ८,४००, म्हणजे २१ टक्के. टँकर, एसटी, भात नोंदणीचे व्हिडिओ बघणाऱ्यांत दर पाचांतले तीन पस्तिशीच्या पुढचे आहेत, आणि एकत्रित रिपोर्टमध्ये ते जेमतेम पाचांतला एक उरतात.

एका गाजलेल्या व्हिडिओने अख्ख्या चॅनेलचा चेहरा बदलून दाखवला, एवढंच इथे झालं आहे. हे ओळखायची खूण सोपी आहे. मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा वयाचा तक्ता शेजारी ठेवा. गावाची लोकसंख्या महिन्यात बदलत नाही. तक्ता अचानक बदलला असेल तर आधी सर्वाधिक बघितलेल्या व्हिडिओंची यादी उघडा, कारण बहुतेक वेळा तिथे पहिल्या क्रमांकावर दोषी सापडतो.

उपाय म्हणजे Advanced mode मध्ये व्हिडिओंचे ग्रुप करणे. एक ग्रुप ‘स्थानिक’, दुसरा ‘सहल’. मग वय, शहर, किती वेळ बघितलं हे प्रत्येक ग्रुपसाठी वेगळं काढायचं. विषय निवडताना हाच वेगळा रिपोर्ट वापरायचा, एकत्रित नव्हे.

इथे आकाराचंही भान हवं. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर आणि मुरबाडची दोन लाखांच्या आत होती. लहान मुलं आणि फोन नसलेले वगळले तर स्थानिक बातमीचा प्रेक्षक मुळातच मर्यादित. एसटीच्या फेऱ्या बदलल्याच्या व्हिडिओला ९०० व्ह्यूज मिळाले आणि ते त्या मार्गावरच्या गावांतलेच असतील, तर तो व्हिडिओ पडला असं म्हणणं चूक आहे. माळशेजच्या ३० हजारांशी त्याची तुलनाच होत नाही.

रात्री ९ ला कोण असतं?

तिसरा आकडा सर्वात फसवा. `When your viewers are on YouTube` हा तक्ता तुमचे प्रेक्षक यूट्यूबवर कधी असतात ते सांगतो, तुमच्या चॅनेलवर कधी असतात ते नाही. रात्री ९ ला ते मालिका बघत असतील, कीर्तन ऐकत असतील, क्रिकेट बघत असतील. त्यातही नेमका आकडा मिळत नाही, फक्त रंगाची छटा गडद होत जाते. इन्स्टाग्रामचा `Most active times` हाही फॉलोअर्स अ‍ॅपवर कधी असतात, एवढंच सांगतो.

व्हिडिओ टाकण्याच्या वेळेचा त्याच्या दीर्घकाळच्या कामगिरीवर थेट परिणाम होत असल्याचं दिसत नाही, असं यूट्यूबने स्वतःच आपल्या मदत पानावर म्हटलं आहे. माहुली किल्ल्याचा व्हिडिओ सकाळी टाका की रात्री, वर्षभरात त्याला तेवढेच प्रेक्षक मिळतील. हा तक्ता उपयोगी पडतो तो लाइव्ह, प्रीमियर किंवा ज्याचा उपयोग काही तासांतच संपतो अशा मजकुरासाठी.

आणि नेमका याच मजकुराला रात्री ९ चा नियम लावला की घोटाळा होतो. कारण तिथे प्रेक्षक कधी ऑनलाइन असतो यापेक्षा माहिती कधी वापरली जाणार, हे महत्त्वाचं.

भेंडीचं उदाहरण घ्या. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर भेंडी, काकडीसारखी भाजी घेतली जाते. सकाळी कल्याण किंवा वाशीच्या बाजारात काय भाव निघाला, ते शेतकऱ्याला कळायला हवं दुपारनंतर, म्हणजे उद्या किती मजूर सांगायचे, टेम्पोत जागा धरायची का, हे तो ठरवू शकतो. रात्री ९ ला तोपर्यंत मजूर ठरलेले असतात. इथे निर्णय संध्याकाळी होत असेल तर भाव दुपारी तीन-चारच्या आत यायला हवा, मग त्या वेळी तक्त्याचा रंग कितीही फिका असो.

मेगाब्लॉकचं तसंच. रविवारी ब्लॉक असेल किंवा कल्याण-कसारा मार्गावर विशेष ब्लॉक असेल, तर लग्नाला, दवाखान्यात जाणारा माणूस शनिवारी रात्री जेवताना ठरवतो की सकाळी लोकलने जायचं की गाडी सांगायची. माहिती शनिवारी संध्याकाळी सहा-सातला हवी. रात्री ९ ची गर्दी इथे कामी येते, पण व्हिडिओ आधीच तयार असेल तरच. अपलोड झाल्यावर यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत दाखवतो, चांगली प्रत तयार व्हायला वेळ लागतो. त्यात गावातलं नेटवर्क. म्हणून गर्दीच्या वेळेच्या तास-दोन तास आधीचं Schedule लावणं बरं, आणि फाइल त्याच्याही बरीच आधी चढवलेली बरी.

भातसा धरणाचे दरवाजे उघडणार किंवा अतिवृष्टीचा इशारा आला, तर मात्र तक्ता उघडायचंच कारण नाही. ती बातमी आली त्या क्षणी जायला हवी.

२८ दिवस जुना आरसा

या तक्त्याची आणखी एक मर्यादा फारशी कुणी सांगत नाही. तो मागच्या २८ दिवसांवर बेतलेला असतो. शहरात महिनाभरात लोकांची दिनचर्या फारशी बदलत नाही. भातशेतीच्या तालुक्यात ती आठवड्याभरात उलटीपालटी होते.

२५ जूनला रिपोर्ट उघडला असं समजा. त्यात २८ मे ते २४ जून हे दिवस आहेत. शाळा १५ जूनला सुरू झाली असेल, तर त्या २८ दिवसांतले १८ दिवस सुट्टीचे आणि फक्त १० दिवस शाळेचे. म्हणजे दुपारी फोन हातात असलेली मुलं अजूनही रिपोर्टमध्ये आहेत, प्रत्यक्षात ती वर्गात आहेत. पुढे जुलैत आवणी जोरात असते. माणसं दिवसभर चिखलात, फोन घरी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत. रात्री ९ ला अर्धं गाव झोपलेलं. रिपोर्टमध्ये हा बदल पूर्ण उतरेपर्यंत आवणी संपत आलेली असते.

दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला निघून जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांचं, पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेचं, उन्हाळ्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांचं असंच. म्हणून मागच्या महिन्यापेक्षा मागच्या वर्षीचा हाच महिना जास्त उपयोगी. यूट्यूब वेळेच्या तक्त्याचा जुना इतिहास दाखवत नाही, त्यामुळे दर महिन्याला त्याचा स्क्रीनशॉट काढून तारखेसह ठेवणं हाच मार्ग. पहिल्या वर्षी तो कंटाळवाणा उद्योग वाटतो, दुसऱ्या वर्षी त्याची किंमत कळते.

घड्याळ कुठलं?

वेळेचा तक्ता तुमच्या स्थानिक वेळेत असतो. पण यूट्यूबच्या रिपोर्टमधला ‘दिवस’ अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मोजला जातो. आपल्याकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात तो दुपारी साडेबाराला सुरू होतो, तिकडच्या हिवाळ्यात दीड वाजता. याचा अर्थ रविवारी सकाळी १० ला मिळालेले व्ह्यूज शनिवारच्या खात्यात जातात. ‘रविवारी आपल्याला कुणी बघत नाही’ असं ठरवण्याआधी हे तपासायला हवं. वर सांगितलेली रविवारची चाचणी वेबसाइटवरच नीट जमते, यूट्यूबवर नाही, त्याचं कारण हेच.

वेबसाइटचंही घड्याळ एकदा बघून घ्या. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये खातं उघडताना वेळेचा पट्टा निवडावा लागतो आणि अनेकदा तो अमेरिकेचाच राहून जातो. ओळखायची खूण म्हणजे तासांच्या आलेखातला सर्वात खोल खड्डा. माणसं कुठलीही असोत, पहाटे तीनला वाचक सर्वात कमी असतात. तो खड्डा दुपारी दोन-अडीचच्या सुमारास दिसत असेल, तर घड्याळ अमेरिकेचं आहे आणि ‘सकाळी साडेसातची गर्दी’ म्हणजे प्रत्यक्षात आपल्याकडची रात्री आठची गर्दी आहे. Admin मध्ये जाऊन भारतीय वेळ लावता येते, मात्र ती पुढच्या आकड्यांना लागू होते, मागचे तसेच राहतात.

मग वेळ आणि विषय ठरवायचे कसे?

किन्हवलीच्या तरुणाने आता काय करावं? ‘स्थानिक’ ग्रुपमधल्या बारा व्हिडिओंपैकी प्रत्येक नवा व्हिडिओ टाकल्यावर पहिल्या ४८ तासांचा तासावार आलेख Realtime मध्ये दिसतो. तो प्रत्येक वेळी बघून वहीत दोन ओळी लिहाव्यात: कोणत्या तासांना उसळी आली आणि विषय काय होता. तक्ता सांगतो त्या रात्री ९ ऐवजी समजा एसटी-लोकलच्या व्हिडिओंना पहाटे साडेपाच ते साडेसात आणि योजनांच्या व्हिडिओंना दुपारी एक ते तीन उसळी दिसली, तर ती या चॅनेलची खरी वेळ. एका व्हिडिओवरून काही ठरत नाही, पाच-सहा व्हिडिओंत तेच दिसलं तर विश्वास ठेवावा.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन महिने योजनांचे व्हिडिओ दुपारी १२ ला आणि रात्री ८ ला आलटून पालटून टाकायचे. विषय आणि लांबी साधारण सारखी ठेवायची. तुलना पहिल्या दिवसाच्या व्ह्यूजची करायची नाही, कारण यूट्यूबचा दिवस दुपारी साडेबाराला बदलतो आणि १२ ला टाकलेल्या व्हिडिओला पहिल्या दिवशी अर्धा तासच मिळतो. टाकल्यापासून ७ दिवसांचे व्ह्यूज आणि सरासरी किती वेळ बघितला, हे दोन आकडे पुरेत. मुदत असलेल्या विषयात मात्र तिसरा आकडा हवा: मुदत संपण्याआधी किती जणांनी बघितला.

एवढं करूनही काही माणसं कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत. रिपोर्ट फक्त आधीच बघणाऱ्यांचा असतो. सहलीचे व्हिडिओ वाढवले की सहलीचा प्रेक्षक वाढतो, पुढचा रिपोर्ट आणखी तरुण आणि आणखी ‘मुंबई’ दिसतो, आणि स्थानिक विषय सोडल्याचं समर्थन आपोआप तयार होतं. भट्टीवर गेलेलं कातकरी कुटुंब, फोन नसलेली आजी, रेंज नसलेला पाडा यांचा वाटा त्यात शून्य टक्केही लिहिलेला नसतो.

त्यांच्यापर्यंत माहिती जाते ती अंगणवाडी सेविका, आशाताई, रेशन दुकानदार किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायामार्फत. भात नोंदणीचा व्हिडिओ दुपारी त्यांच्या फोनवर पोहोचला, तर संध्याकाळी पाड्यावर निरोप जाऊ शकतो. यूट्यूबच्या रिपोर्टमध्ये त्याची नोंद चार-पाच व्ह्यूज एवढीच होईल, आणि शहर बहुधा मुंबई दाखवलं जाईल.